उजव्या कानात नाडीच्या ठोक्याबरोबर सूं... सूं... कोणाला असा अनुभव आहे का?

रेणू_नाशिक | 27 नोव्हेंबर, रात्री 11:52

झोप येत नाही म्हणून लिहायला बसले आहे. वय 34, शाळेत शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत पहिल्यांदा लक्षात आलं. रात्री उजव्या कुशीवर पडले की उजव्या कानात आवाज येतो. शिट्टी नाही, घंटी नाही. सायकलच्या पंपाने हवा भरताना येतो तसा, सूं... सूं... सूं. आधी वाटलं शेजाऱ्यांची पाण्याची मोटर असेल. अहोंना उठवून विचारलं, त्यांना काही ऐकू येईना. मग त्यांनी माझी नाडी धरली आणि मी बोटाने पलंगावर ताल धरला. दोन्ही तंतोतंत जुळले. जिना चढून आले की आवाजही जोरात पळतो.

कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. मळ नाही, पडदा चांगला आहे, ऐकण्याची तपासणी नॉर्मल. "ताण घेऊ नका" म्हणाले आणि बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या दिल्या. महिना झाला, फरक शून्य. डाव्या कानात काहीच नाही, हे मला विचित्र वाटतं. ताण एकाच कानात कसा येईल? कोणाला असं झालंय का?

बापू_कराडकर | 28 नोव्हेंबर, सकाळी 6:31

रेणूताई, हे शंभर टक्के बीपी आहे. माझ्या मेव्हण्याला अगदी असंच व्हायचं, बीपी 170 निघालं. मीठ कमी करा, लोणचं-पापड बंद, सकाळी फिरायला जा. गोळी सुरू केल्यावर पंधरा दिवसांत त्याचा आवाज गेला. उगाच स्पेशालिस्टच्या मागे धावू नका.

मंद्रसप्तक | 28 नोव्हेंबर, सकाळी 8:10

मला बारा वर्षांपासून आहे हो! दोन्ही कानांत रातकिडे ओरडतात, चोवीस तास. मी आयुष्यभर प्रिंटिंग प्रेसमध्ये काम केलं, त्यामुळे वरच्या पट्टीतलं ऐकणं गेलंय. यावर औषध नाही हे आधी मान्य करा. रात्री पंखा फुल ठेवा किंवा मोबाइलवर पावसाचा आवाज लावा. दोन-तीन महिन्यांत मन त्याकडे दुर्लक्ष करायला शिकतं. मी शिकलो.

रेणू_नाशिक | 28 नोव्हेंबर, सकाळी 8:44

बापूकाका, बीपी कानाच्या डॉक्टरांकडेच मोजलं होतं, 124/82. मंद्रसप्तक, तुमचा आवाज सलग आहे ना? माझा ठोक्यागणिक येतो आणि थांबतो. पंखा लावून पाहिला, तरी मी त्यातही तो शोधत बसते.

जुनी_फिल्म | 28 नोव्हेंबर, दुपारी 1:20

रेणू, मी कानाचा डॉक्टर नाही. 31 वर्षं रेडिओलॉजी केली, आता निवृत्त आहे. पण कानाकडून सुरू होऊन आमच्या टेबलावर येणाऱ्या या तक्रारीची मला चांगली ओळख आहे.

मंद्रसप्तक यांचा आवाज आणि तुझा आवाज यांना एकच नाव दिलं जातं, तिथेच घोळ होतो. त्यांच्या कानात प्रत्यक्ष आवाज नाही. ऐकण्याच्या पेशी झिजल्यावर मेंदू तो तयार करतो. तुझ्या बाबतीत बहुधा खराखुरा आवाज आहे. कानाच्या आसपास कुठेतरी रक्त खळाळत वाहतंय आणि कान ते इमानदारीने ऐकतोय. म्हणून त्याची सवय करून घेण्याच्या सल्ल्याआधी तो कुठून येतो हे शोधायचं असतं. नाडीबरोबर येणारा, त्यातही एकाच कानातला आवाज कधीच "ऐकण्याची तपासणी नॉर्मल आहे" एवढ्यावर सोडू नये.

काही विचारतो, सावकाश उत्तर दे.

आवाज चालू असताना उजव्या बाजूला जबड्याच्या कोपऱ्याखाली, मानेवर दोन बोटं अगदी हलकी टेकव. दार्बायला मळलेल्या पिठावर बोट ठेवतेस तेवढीच. आवाज थांबतो का? डाव्या बाजूला तसंच केल्यावर वाढतो का? मान उजवीकडे वळवल्यावर कमी होतो का? (घरातल्या वयस्कर माणसांनी हा प्रयोग करू नये. मानेच्या धमनीत चरबीचा थर असेल तर दाबणं धोक्याचं. आणि दोन्ही बाजू एकदम तर कोणीच दाबू नये.)

डोकं दुखतं का, विशेषतः सकाळी? खाली वाकून उठताना डोळ्यांपुढे क्षणभर अंधारी येते का? दोन वर्षांत वजन किती वाढलं? आणि कुठल्याही कारणासाठी कोणती गोळी चालू आहे, गर्भनिरोधक धरून?

घाटमाथा | 28 नोव्हेंबर, दुपारी 3:05

काका, "दार्बायला" म्हणजे काय? :)

जुनी_फिल्म | 28 नोव्हेंबर, दुपारी 3:11

दाबायला. जाड बोटं आणि लहान फोन.

रेणू_नाशिक | 28 नोव्हेंबर, रात्री 9:37

काका, मी आत्ता करून पाहिलं आणि अंगावर काटा आला. उजवीकडे बोटं टेकवली की आवाज एकदम बंद. नळाची तोटी फिरवल्यासारखा. बोटं काढली की परत सुरू. डावीकडे टेकवली तर जास्त जोरात येतो. मान उजव्या खांद्याकडे वळवली तर कमी.

डोकं दुखतं, पण मला वाटत होतं चष्म्याचा नंबर वाढलाय. सकाळी उठल्यावर जास्त असतं. अंधारीचं तुम्ही विचारलंत म्हणून आठवलं. ओट्याखालचा कुकर काढून उभी राहते तेव्हा दोन-तीन सेकंद सगळं करडं होतं, मग परत दिसतं. चक्कर समजून सोडून दिलं होतं. वजन 84 आहे. दोन वर्षांपूर्वी 73 होतं. उंची 5 फूट 2 इंच. गोळ्या फक्त बी-ट्वेल्व्ह.

निशिगंध | 28 नोव्हेंबर, रात्री 10:15

मला दोन वर्षांपूर्वी हुबेहूब असंच झालेलं, पण दोन्ही कानांत. पाळीत खूप रक्तस्राव व्हायचा, हिमोग्लोबिन 6.8 निघालं. रक्त पातळ झालं की हृदय जोरात पंप करतं, म्हणून ऐकू येतं असं डॉक्टरांनी सांगितलं. सलाईनमधून लोह दिलं, दोन महिन्यांत 11 च्या वर गेलं आणि आवाज बंद. रेणू, आधी रक्त तपास. थायरॉइडसुद्धा.

जुनी_फिल्म | 28 नोव्हेंबर, रात्री 10:48

निशिगंध यांचं बरोबर आहे, रक्त आणि थायरॉइड दोन्ही तपासून घे. पण त्यांचा आवाज दोन्ही कानांत होता, हा फरक ध्यानात ठेव. सगळं रक्तच वेगाने पळत असेल तर ते सहसा दोन्हीकडे ऐकू येतं.

तुझं उत्तर वाचून मला पुढचं सांगावंसं वाटतं. हलक्या बोटाने धमनी बंद होत नाही, शीर बंद होते. आवाज हलक्या दाबाने थांबतो म्हणजे तो मेंदूतून खाली येणाऱ्या शिरेचा असण्याची शक्यता जास्त. मेंदूतलं वापरलेलं रक्त कवटीच्या आतल्या बाजूने दोन मोठ्या वाहिन्यांमधून कानामागून खाली गळ्यात उतरतं. कान आणि ती वाहिनी यांच्यात हाडाचा पातळ पापुद्रा असतो. बहुतेकांमध्ये उजवी वाहिनी मोठी असते, म्हणून हा आवाज उजवीकडे जास्त वेळा आढळतो. डावी शीर दाबलीस की डावीकडचं रक्तही उजवीकडे वळतं, म्हणून आवाज वाढला.

आता यात सकाळची डोकेदुखी, वाकल्यावरची अंधारी आणि वाढलेलं वजन मिळव. कवटीच्या आतल्या पाण्याचा दाब वाढला असेल तर हे चारही एकत्र दिसतात. मी निदान करत नाहीये. पण या आठवड्यात, जमलं तर उद्याच, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि म्हण, "बाहुली मोठी करून पडद्यामागची नस बघा आणि कडेची नजर तपासायची फील्ड टेस्ट करा." दोन हजारांच्या आत काम होईल. एमआरआय त्यानंतर.

घाटमाथा | 29 नोव्हेंबर, सकाळी 7:50

कानाची तक्रार आणि डोळ्यांचा डॉक्टर? काका, आदर आहे, पण इंटरनेटवर बसून माणसाला घाबरवायचं आणि चार तपासण्यांच्या मागे लावायचं हे मला पटत नाही. मला स्वतःला झोपताना कानात ठोके ऐकू येतात. उशीवर कान दाबला की सगळ्यांनाच येतात.

जुनी_फिल्म | 29 नोव्हेंबर, सकाळी 9:02

उशीवर कान दाबून येणारे ठोके सगळ्यांना येतात हे खरंय. कुशी बदलली की जातात. रेणूला जिन्यात, उभ्यानेही येतात.

डोळ्यांचं म्हणाल तर कारण सरळ आहे. डोळ्यामागची नस मेंदूभोवतीच्या पाण्याच्याच पिशवीत गुंडाळलेली असते. आत दाब वाढला की नसेचं टोक सुजतं आणि ते डॉक्टरला बाहुलीतून प्रत्यक्ष दिसतं. कवटी न उघडता आतला दाब डोकावून बघायची ती खिडकी आहे. घाई करायचं कारण आवाज नाही, नजर आहे. सूज राहिली तर नजर कडेकडून जाते आणि मधली शाबूत असेपर्यंत माणसाला पत्ता लागत नाही. गेलेली परत येईलच असं नाही. आवाज त्रासदायक असतो, पण या बाबतीत तो पहारेकऱ्याचं काम करतोय.

औषधवाला_सांगली | 29 नोव्हेंबर, सकाळी 11:26

काकांनी गोळ्यांचं विचारलंय म्हणून मी जरा खणतो. दुकानात रोजचा अनुभव आहे, लोक "गोळी" म्हणजे फक्त बीपी-शुगरची धरतात. रेणूताई, त्वचेसाठी काही चालू आहे का? मुरुमं, केस गळणं? आयुर्वेदिक, जिमची पावडर, व्हिटॅमिन ए?

रेणू_नाशिक | 29 नोव्हेंबर, दुपारी 12:40

अय्या हो! हनुवटीवर मुरुमं येतात म्हणून स्किनवाल्या डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन दिलंय. सप्टेंबरपासून रोज एक. ती औषधात मोजली नव्हती. त्याचा कानाशी काय संबंध?

औषधवाला_सांगली | 29 नोव्हेंबर, दुपारी 1:02

कानाशी थेट नाही, दाबाशी आहे. टेट्रासायक्लिन घराण्यातली औषधं, म्हणजे डॉक्सी, मिनोसायक्लिन, आणि त्या घराण्याबाहेरचं पण मुरुमांवरचंच आयसोट्रेटिनॉइन, यांनी काही लोकांत डोक्यातल्या पाण्याचा दाब वाढतो. असं सगळ्यांना होत नाही. स्किनच्या डॉक्टरांना आजच फोन करून ही लक्षणं सांगा, ते बहुतेक थांबवायला सांगतील. आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना हे नाव सांगायला विसरू नका.

बापू_कराडकर | 29 नोव्हेंबर, दुपारी 2:15

एवढ्या मोठमोठ्या गोष्टी. माझा मेव्हणा मीठ सोडून बरा झाला एवढंच मला माहीत.

शमा_ठाणे | 29 नोव्हेंबर, रात्री 8:33

मी एरवी फक्त वाचते, पण इथे लिहायलाच हवं. माझ्या अम्मीला 61 व्या वर्षी डाव्या कानात असाच आवाज सुरू झाला. तिचा मात्र मान दाबून थांबत नव्हता. पहिल्या ठिकाणी एमआरआय केला, "नॉर्मल" म्हणून परत पाठवलं. सहा महिने गेले. दुसऱ्या डॉक्टरांनी एक साधी गोष्ट केली. स्टेथोस्कोप कानामागच्या हाडावर ठेवला आणि म्हणाले, "मला ऐकू येतंय." मग मलाही ऐकवलं. अम्मी सहा महिने सांगत होती तो आवाज मी पहिल्यांदा माझ्या कानांनी ऐकला आणि रडूच आलं. आम्ही तिला वयाचे भास म्हणत होतो.

पुढे मांडीतून नळी घालून तपासणी केली. कवटीच्या अस्तरात धमनी थेट शिरेला जोडली गेली होती. फिस्टुला म्हणतात. तिचं रक्त मेंदूच्या शिरांमध्ये उलटं भरत होतं, तसंच ठेवलं असतं तर रक्तस्राव होऊ शकला असता. नळीतूनच गोंदासारखं औषध सोडून ती जागा बंद केली. शुद्धीवर आल्यावर तिचं पहिलं वाक्य होतं, "शांत झालं."

जुनी_फिल्म | 29 नोव्हेंबर, रात्री 9:20

शमा, हे लिहिलंस हे फार बरं केलंस. साधा एमआरआय मेंदूचं मांस छान दाखवतो. पण धमनी-शिरेचं असं बारीक भगदाड त्यात सहज निसटतं. म्हणून मागणीपत्रावर फक्त "कानात आवाज" असं लिहून येतं तेव्हा आम्ही चुकीची फिल्म काढतो, हे माझ्याच धंद्याचं पाप आहे. "नाडीबरोबर, उजव्या कानात, मान दाबल्यावर थांबतो" एवढं लिहिलेलं असलं की रेडिओलॉजिस्ट कुठे बघायचं ते जाणतो. रेणू, तुला एमआरआय सांगितला तर हे वाक्य कागदावर आहे ना, बघ.

आणि दाबून थांबतो म्हणजे फिस्टुला नाहीच, असंही शपथेवर सांगता येत नाही. कल कळतो, निकाल नाही.

किर्र_किर्र | 30 नोव्हेंबर, सकाळी 10:05

माझ्या कानात टक-टक-टक असं होतं, दहा-बारा वेळा, मग थांबतं. हे तेच का? मला पण एमआरआय लागेल?

जुनी_फिल्म | 30 नोव्हेंबर, सकाळी 10:31

नाडी धरून बघा. जुळत नसेल तर बहुधा कानातल्या किंवा टाळूच्या छोट्या स्नायूची उचकी आहे, पापणी लवते तशी. कानाच्या डॉक्टरांना दाखवा, पण हा वेगळा रस्ता.

रेणू_नाशिक | 2 डिसेंबर, सायंकाळी 7:18

काका, तुम्ही म्हणालात तेच निघालं. दोन्ही डोळ्यांच्या नसा सुजल्या आहेत, उजवीकडे जास्त. फील्ड टेस्टमध्ये आंधळा ठिपका मोठा झालाय आणि नाकाकडच्या बाजूला थोडं कमी दिसतंय. मला याचा पत्ताच नव्हता, मी रोज स्कूटी चालवत होते. डॉक्टरांनी पहिल्यांदा काय केलं असेल तर पुन्हा बीपी मोजलं. खूप वाढलेल्या बीपीनेही अशी सूज येते म्हणे. बापूकाका, तुमची आठवण झाली. 126/80 होतं.

डॉक्सी बंद केलीय. उद्या न्यूरोकडे जायचंय. आता पाठीतून पाणी काढतील असं म्हणाले. त्याची भीती वाटते आहे.

जुनी_फिल्म | 2 डिसेंबर, रात्री 8:00

भीती वाटणारच. क्रम लक्षात ठेव म्हणजे गोंधळ होणार नाही. आधी एमआरआय आणि सोबत शिरांचा एमआरव्ही. गाठ नाही आणि शिरेत रक्ताची गुठळी नाही हे बघितल्याशिवाय पाठीतून पाणी काढत नाहीत. गुठळीनेही नेमकं असंच चित्र होतं आणि तिची औषधं पूर्ण वेगळी आहेत. मी गर्भनिरोधक गोळीचं विचारलं ते त्यासाठीच.

पाणी काढताना कुशीवर झोपवतील. दाब मोजायच्या वेळी पाय सरळ करून सैल पडून राहा. पोट दाबलं गेलं किंवा श्वास रोखला की आकडा खोटा वाढतो. मोठ्या माणसात 25 सेंटीमीटर पाण्याच्या दाबाच्या वर गेला की वाढलेला धरतात.

रेणू_नाशिक | 8 डिसेंबर, रात्री 10:40

सगळं झालं. एमआरव्हीत गुठळी नाही. रिपोर्टमधून लिहिते: दोन्ही बाजूच्या ट्रान्सव्हर्स सायनस, म्हणजे काका म्हणाले त्या कानामागच्या मोठ्या शिरा, अरुंद, उजवी जास्त. "पार्शियली एम्प्टी सेला", म्हणजे पिट्युटरी ग्रंथीची खोबण थोडी रिकामी दिसते. डोळ्याच्या नसेभोवती पाणी जास्त, डोळ्याच्या गोलाची मागची बाजू चपटी. पाण्याचा दाब 34.

आणि ऐका. पाणी काढून झाल्यावर मी तशीच पडले होते. सिस्टर काहीतरी विचारत होत्या आणि मला एकदम जाणवलं की खोली शांत आहे. आवाज नाही! इतक्या दिवसांत पहिल्यांदा. तिसऱ्या दिवशी हळूहळू परत आला, पण अर्धाच.

अ‍ॅसिटाझोलामाइड सुरू केलंय. पहिले काही दिवस 250 दोनदा, मग 500 दोनदा. वजन 8 ते 10 टक्के कमी करायला सांगितलंय.

घाटमाथा | 8 डिसेंबर, रात्री 11:02

रेणूताई, काका, माझे शब्द मागे घेतो. पण खरंच समजत नाही म्हणून विचारतो, पाण्याचा दाब वाढला तर आवाज रक्ताचा का? आणि शिरेत तर नाडी नसते ना?

जुनी_फिल्म | 9 डिसेंबर, सकाळी 8:15

चांगला प्रश्न आहे, बरेच डॉक्टरही इथे अडखळतात. बागेतल्या पाइपवर बाहेरून पाय दिला की पुढे पाणी फुसफुसतं ना, तसं. पाण्याचा दाब शिरेला बाहेरून चेपतो, ती अरुंद होते, तिथून रक्त झोताने निघतं आणि कानाशेजारच्या भागात भोवरे होतात. शिरेला स्वतःची नाडी नसते. पण मेंदू दर ठोक्याला किंचित फुगतो आणि शेजारच्या पाण्यालाही ढकलतो, म्हणून तो झोत ठोक्याठोक्याने येतो. रेणूचं पाणी काढल्यावर चेपलेली शीर मोकळी झाली, आवाज गेला. पाणी शरीर सतत बनवतच असतं, म्हणून परत आला.

यात एक दुष्टचक्रही आहे. शीर अरुंद झाली की पाण्याचा निचरा कमी होतो, त्याने दाब आणखी वाढतो. आधी कोण, यावर तज्ज्ञांचे वाद अजून मिटलेले नाहीत.

औषधवाला_सांगली | 9 डिसेंबर, सकाळी 9:50

ताई, या गोळीने बोटांच्या टोकांना, ओठांना मुंग्या येतील. घाबरू नका, गोळी काम करतेय समजा. सोडा किंवा कोल्ड्रिंक बेचव लागेल, फसफस गेल्यासारखं. पाणी भरपूर प्या, कारण मुतखड्याचा धोका असतो. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. आणि पोटॅशियम-क्रिएटिनिनच्या रक्ततपासणीच्या तारखा चुकवू नका. अंगावर चट्टे आले तर थांबून डॉक्टरांना फोन.

रेणू_नाशिक | 9 डिसेंबर, दुपारी 4:12

मुंग्या आल्या! फळ्यावर लिहिताना खडू हातात असल्याचं कळत नाही. मुलं हसतात. आणि काल वर्गाच्या पार्टीत लिंबू-सोडा चाखून मी दुकानदाराशी भांडायला निघाले होते.

कॅनडाकर | 11 डिसेंबर, रात्री 2:26

माझ्या बहिणीला हेच झालं होतं, इथे टोरांटोत. फरक एवढाच की ती बारीक आहे, 52 किलो. त्यामुळे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. गोळ्या सोसेनात, मूत्रपिंडाचा त्रास झाला, म्हणून अरुंद शिरेत स्टेंट घातला. आवाज त्याच दिवशी बंद झाला. रेणू, तू हा पर्याय का विचारत नाहीस? वर्षभर गोळ्या खाण्यापेक्षा एकदाच काम.

जुनी_फिल्म | 11 डिसेंबर, सकाळी 9:40

एकदाच काम नाही हो ते. स्टेंट घातल्यावर कित्येक महिने रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या घ्याव्या लागतात, आणि काहींच्यात स्टेंटच्या शेजारी नवा अरुंद भाग तयार होतो. घालण्याआधी नळीने अरुंद जागेच्या अलीकडचा-पलीकडचा दाब मोजतात. बहुतेक ठिकाणी पाऱ्याचा 8 मिलिमीटर तरी फरक असेल तरच पुढे जातात. नजर जात असेल किंवा गोळ्या चालत नसतील तर तो उत्तम उपाय आहे. नुसत्या आवाजासाठी करावा का? माझं मत "थांबा" असं आहे.

कॅनडाकर | 11 डिसेंबर, रात्री 11:58

तुम्ही आवाज ऐकत रात्र काढलेली नाही, काका. बहीण शेवटी शेवटी जगणंच नको म्हणायची. नजर शाबूत असताना.

जुनी_फिल्म | 12 डिसेंबर, सकाळी 8:05

हे मात्र मला मान्य करावं लागेल. टेबलाच्या या बाजूला बसलेल्याला तो आवाज ऐकू येत नाही.

रेणू_नाशिक | 19 मार्च, रात्री 9:15

बरेच दिवसांनी आले. बऱ्याच जणांनी निरोप पाठवून विचारलं म्हणून सांगते. वजन 77 आहे. रात्रीचा भात आणि शाळेतल्या वाढदिवसांचे केक सोडले, बाकी काही जादू नाही. डोळ्यांची सूज डावीकडे पूर्ण गेली, उजवीकडे अगदी किंचित. फील्ड टेस्ट जवळजवळ पूर्ववत. नाकाकडचा एक छोटा कोपरा मात्र तसाच आहे, तो कदाचित राहील म्हणाले. अंधारी नाही, डोकेदुखी आठवड्यात एखादी.

आवाज दिवसा नाही. रात्री उजव्या कुशीवर पडले तर हलका येतो. डॉक्सीने झालं की वजनाने, हे डॉक्टर ठाम सांगत नाहीत. दोन्ही मिळून असेल म्हणतात. स्टेंटचा विषय पुढच्या महिन्यात पुन्हा निघणार आहे, तेव्हा कॅनडाकर आणि काका, तुम्हा दोघांना पुन्हा भांडायला बोलावीन.

बापू_कराडकर | 20 मार्च, सकाळी 6:12

ताई, बरं वाटलं. मेव्हण्याचा आवाज जानेवारीत परत आलाय. एकाच कानात. बीपी गोळीवर 130 असतं. मान दाबून बघू नये ना, तो 66 चा आहे?

जुनी_फिल्म | 20 मार्च, सकाळी 7:40

दाबू नका. उद्या कोणाकडे तरी घेऊन जा, आणि शमाच्या अम्मीसारखा स्टेथोस्कोप कानामागे आणि मानेवर लावायला सांगा. मानेच्या धमन्यांची सोनोग्राफी पण. आणि कागदावर "नाडीबरोबर, एकाच कानात" असं लिहून घ्या. कोणता कान?

बापू_कराडकर | 20 मार्च, सकाळी 7:44

विचारून सांगतो. तो अजून झोपलाय.